अकरा अभिप्राय, एक पान

मार्च संपत आला की हिंजवडी, खराडीच्या कंपन्यांमध्ये एक बैठक बंद दाराआड होते. तिला कॅलिब्रेशन मीटिंग म्हणतात. एका विभागातले सहा-आठ मॅनेजर, त्यांचे वरिष्ठ आणि एचआरचं कोणीतरी टेबलाभोवती बसतात. पडद्यावर विभागातल्या सगळ्यांची नावं असतात आणि प्रत्येकापुढे त्याच्या मॅनेजरने सुचवलेलं रेटिंग. मग एकेका नावावर चर्चा होते. हे रेटिंग योग्य आहे का? शेजारच्या टीममध्ये एवढ्याच कामाला कमी दिलं असेल, तर इथे जास्त का? एका नावाला पाच-सात मिनिटं मिळतात. ज्याच्याबद्दल बोलणं चाललेलं असतं तो माणूस तिथे नसतो. त्याच्या वतीने असतं ते मॅनेजरने तयार करून आणलेलं एक पान.

ही बैठक होण्यामागे सबळ कारण आहे. स्टीव्हन स्कलन, मायकेल माउंट आणि मेनार्ड गॉफ या अमेरिकी संशोधकांनी 2000 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. जवळपास साडेचार हजार मॅनेजरांना त्यांच्या साहेबांनी, बरोबरीच्या सहकाऱ्यांनी आणि हाताखालच्यांनी दिलेले गुण त्यात तपासले होते. गुणांमधला निम्म्याहून अधिक फरक ज्याला गुण दिले त्याच्या कामामुळे नव्हता, तो गुण देणाऱ्याच्या सवयीमुळे होता. कोणी हात सैल सोडतो, कोणी आखडता घेतो. चार मॅनेजर एकत्र बसले की ही सवय उघडी पडते आणि थोडी दुरुस्त करता येते. पण त्यासाठी टेबलावर प्रत्यक्ष घडलेल्या गोष्टी असाव्या लागतात. नुसतं मत असेल तर ज्याचा आवाज मोठा त्याचं रेटिंग टिकतं. हे मी बैठकांना बसून अनेकदा पाहिलं आहे आणि दर वेळी मला ते अन्यायाचं वाटलं आहे.

ते पान तयार कसं होतं? वर्षभराचे अभिप्राय मॅनेजरकडे जमा झालेले असतात. सहकाऱ्यांचे, हाताखालच्यांचे, दुसऱ्या विभागातल्यांचे आणि कर्मचाऱ्याने स्वतः लिहिलेलं सेल्फ अप्रेझल. मॅनेजरच्या हाताखाली दहा-बारा माणसं असली तर हा मजकूर सहज शंभर परिच्छेदांवर जातो. रात्री जेवण झाल्यावर तो सगळं भराभर वाचतो आणि लक्षात राहिलेलं लिहून काढतो. ‘तांत्रिक पकड उत्तम. टीम प्लेयर. जबाबदारी घेते. कम्युनिकेशनमध्ये सुधारणेला वाव.’ या ओळींवरचं नाव खोडून दुसऱ्या कोणाचंही नाव घाला, त्या तितक्याच खऱ्या वाटतात. पान फसलं आहे हे ओळखायची माझ्या माहितीतली सर्वांत सोपी परीक्षा हीच.

एक उदाहरण घेऊन ते पान नीट कसं करायचं ते पाहू. उदाहरण रचलेलं आहे, पण त्यातला प्रत्येक तुकडा या कामात रोज भेटणारा आहे. एका सॉफ्टवेअर कंपनीत ऑनलाइन पेमेंटचं काम पाहणारी टीम आहे. तिथे आठ वर्षांच्या अनुभवाची एक सीनियर इंजिनियर काम करते. तिच्याबद्दल अकरा अभिप्राय आले आहेत.

तीन अभिप्राय ऑक्टोबरचे आहेत. दिवाळीच्या तोंडावर पेमेंट बंद पडलं तेव्हा तिने रात्रीतून कारण शोधलं आणि सकाळपर्यंत सगळं सुरू केलं, असं एक सहकारी लिहितो. दुसऱ्याच्या मते ती संकटात डोकं शांत ठेवते. प्रॉडक्ट विभागातली व्यक्ती लिहिते की त्या रात्री ती दर तासाला काय चाललं आहे ते कळवत होती. दोन अभिप्राय फेब्रुवारीचे. एक मोठा बदल तीन आठवडे उशिरा आला आणि उशीर होणार हे आम्हाला अगदी शेवटच्या आठवड्यात कळलं, ही सेल्सची तक्रार. प्रॉडक्टच्या दुसऱ्या माणसाने तेच जरा सौम्यपणे लिहिलं आहे. दोन ज्युनियर लिहितात की ती कोड तपासताना नुसतं ‘बदला’ म्हणत नाही, का बदलायचं ते सांगते. त्यातला एक जूनमध्ये आला आणि सप्टेंबरमध्ये स्वतंत्रपणे काम करू लागला. एका सहकाऱ्याची तक्रार अशी की ती काम स्वतःकडेच ठेवते, वाटून देत नाही. आणखी एकाने ‘बोलायला कडक, मीटिंगमध्ये आक्रमक’ एवढंच लिहिलं आहे. दहावा अभिप्राय ‘ग्रेट टीम प्लेयर’ इतकाच. अकरावा तिचा स्वतःचा. जानेवारीत टीममधली दोन माणसं सोडून गेली, त्यांच्या जागा भरल्या नाहीत, तरीही काम पूर्ण केलं, असं ती लिहिते.

घाईने वाचलं तर काय उरेल? संकटात उत्तम, ज्युनियरना शिकवते, कामं वाटून देत नाही, उशीर करते, कडक बोलते. तीन दोष आणि दोन गुण. हे पान घेऊन मॅनेजर बैठकीला गेला तर तिचं रेटिंग एक पायरी खाली येण्याची शक्यता चांगलीच आहे.

आता हेच सावकाश वाचू. पहिलं काम म्हणजे अभिप्राय सोडून घटना मोजायच्या. ऑक्टोबरबद्दल तीन माणसं बोलली, पण घटना एकच आहे. फेब्रुवारीबद्दल दोन माणसं बोलली, तीही घटना एकच. मोठा प्रसंग सगळ्यांच्या लक्षात राहतो, म्हणून सगळे तोच लिहितात, आणि वाचणाऱ्याला वाटतं की हे वारंवार घडतं. गाजलेल्या एका रात्रीची छाया माणसाच्या बाकीच्या कामावरही पडते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी 1920 साली लष्करी अधिकाऱ्यांच्या मूल्यमापनात हे दाखवलं होतं. वरिष्ठांना एखादा अधिकारी एका बाबतीत आवडला की शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व, चारित्र्य अशा एकमेकांशी फारसा संबंध नसलेल्या सगळ्याच रकान्यांत त्याचे गुण चढत. म्हणून ‘संकटात शांत’ हा गुण पानावर घ्यायचा तर ऑक्टोबरखेरीज आणखी एखादा प्रसंग हवा. मॅनेजर आपल्या नोंदी उघडतो. जुलैमध्ये एक लहानसा बिघाड झाला होता, कोणालाही आठवत नाही इतका लहान, आणि तो तिने तशाच पद्धतीने हाताळला होता. आता दोन घटना झाल्या, तीन महिन्यांच्या अंतराने घडलेल्या. हा गुण पानावर जाऊ शकतो.

फेब्रुवारीच्या तक्रारीत दोन गोष्टी एकमेकींत गुंतल्या आहेत. काम उशिरा झालं ही एक आणि उशीर होणार हे उशिरा सांगितलं ही दुसरी. पहिलीचं कारण तिच्याच सेल्फ अप्रेझलमध्ये आहे, दोन माणसं गेली. ते खरं आहे का, हे मॅनेजरने हजेरीपटावर पाहायचं. आणि खरं असेल तर तो उशीर तिच्या नावावर घालायचा नाही. रिकाम्या जागा न भरण्याची जबाबदारी कंपनीची. पण उशिरा सांगणं तिचंच. माणसं जानेवारीत गेली होती. त्याच आठवड्यात सेल्सला एक ओळ कळवता आली असती. तक्रार अशी फोडली की ‘उशीर करते’ हा दोष पानावरून जातो आणि त्याच्या जागी अधिक नेमकी, अधिक खरी गोष्ट येते. गंमत अशी की ऑक्टोबरमध्ये तीच बाई दर तासाला कळवत होती. म्हणजे कळवणं तिला येत नाही असं नाही. मोठ्या बिघाडात ती कळवते, हळूहळू साचणाऱ्या उशिरात कळवत नाही. ‘कम्युनिकेशनमध्ये सुधारणेला वाव’ या गुळगुळीत ओळीत हा फरक पुरता बुडून गेला असता.

सर्वांत मोलाची जागा मात्र दोन अभिप्राय एकमेकांच्या विरोधात जातात तिथे असते. दोन ज्युनियर म्हणतात ती शिकवते, स्वतंत्र करते. एक सहकारी म्हणतो ती काम सोडत नाही. बहुतेक मॅनेजर अशा वेळी संख्या पाहतात, दोनास एक, म्हणून सहकाऱ्याचं म्हणणं गाळतात. काही जण दोन्ही लिहून मोकळे होतात, एक डाव्या रकान्यात, एक उजव्या. दोन्ही मार्गांनी माहिती वाया जाते. विरोध दिसला की दोन्ही बाजूंनी कोणत्या कामाबद्दल लिहिलं आहे ते पाहावं. मॅनेजरने टीमची कामाची यादी तपासली तेव्हा दिसलं की ज्युनियरना मिळालेली कामं लहान, सुटी होती आणि त्यांत ती खरंच छान शिकवत होती. पण बँकेकडून आलेले आकडे आणि आपल्याकडचे आकडे जुळवणारा जो अवघड भाग आहे, ज्याला टीममध्ये रिकन्सिलिएशन म्हणतात, त्यातला वर्षभराचा प्रत्येक बदल तिच्याच हातचा होता. सहकारी त्याच भागाबद्दल बोलत होता. आणि फेब्रुवारीत रखडलेला बदलही त्याच भागातला होता.

म्हणजे वरवर तीन वेगळे दिसणारे अभिप्राय एकाच मुळाशी पोचले. ती शिकवते, पण सर्वांत अवघड भाग स्वतःजवळ ठेवते, आणि त्यामुळे माणसं कमी झाली की सगळं तिच्यापाशी अडतं. अभिप्राय देणाऱ्यांपैकी कोणीही हे वाक्य लिहिलेलं नाही. हा मॅनेजरने जोडलेला निष्कर्ष आहे, आणि पानावर तो निष्कर्ष म्हणूनच दिसला पाहिजे. त्याआधी तिच्याशी पंधरा मिनिटं बोलावं. कदाचित ती सांगेल, ‘सर, मी तो भाग दोनदा दुसऱ्याला देऊ केला, पण तुम्हीच म्हणालात की धोका नको.’ असं निघालं तर सुधारणेचा हा मुद्दा मॅनेजरच्या स्वतःच्या पानावर जायला हवा. आपल्या उदाहरणात ती म्हणते की द्यायचं मनात होतं, वेळ मिळाला नाही. तर मुद्दा टिकला.

राहिला ‘कडक, आक्रमक’. याला घटना नाही, नुसतं विशेषण आहे. घटनेवाचून विशेषण पानावर घेऊ नये, पण न विचारता टाकूनही देऊ नये, कारण त्याच्यामागे कोणाचा तरी खरा अपमान असू शकतो. मॅनेजरने लिहिणाऱ्याला विचारलं, ‘तुम्हाला कोणता प्रसंग आठवतो?’ उत्तर आलं की डिसेंबरमध्ये चाचण्या पूर्ण नसताना नवं व्हर्जन सोडायचा आग्रह चालला होता, तेव्हा तिने सगळ्यांसमोर ठामपणे नकार दिला. पेमेंटच्या टीममध्ये ते तिचं कामच आहे. बोलण्यात अपशब्द नव्हता, आवाज चढलेला नव्हता. विशेषण गळलं.

इथे जरा थांबायला हवं, कारण हे विशेषण सगळ्यांना सारखं लागत नाही. किरन स्नायडर या भाषाशास्त्रात प्रशिक्षण घेतलेल्या लेखिकेने 2014 साली ‘फॉर्च्यून’मध्ये तंत्रज्ञान कंपन्यांतल्या 248 मूल्यमापनांचा आढावा प्रसिद्ध केला. ज्या मूल्यमापनांत टीका होती त्यांतली स्त्रियांची 94 होती आणि त्यांपैकी 71 मध्ये टीका स्वभावावर घसरली होती. पुरुषांच्या 83 पैकी फक्त 2 मध्ये. नमुना लहान होता आणि लोकांनी आपणहून पाठवलेला होता, त्यामुळे हे आकडे सगळ्या कंपन्यांना लावता येणार नाहीत. पण अभिप्रायांत ‘आक्रमक’, ‘भावनिक’, ‘जरा जास्तच बोलते’ असे शब्द दिसले की पुरुषाने हेच केलं असतं तर काय लिहिलं असतं, हे मॅनेजरने स्वतःला विचारावं. डिसेंबरच्या प्रसंगाला त्या वेळी बहुधा ‘ठाम भूमिका’ म्हटलं गेलं असतं.

‘ग्रेट टीम प्लेयर’चंही तेच. गोड आहे म्हणून ते पानावर येता कामा नये. स्तुती पोकळ असली की बैठकीत ती सर्वांत आधी कोसळते आणि शेजारच्या भक्कम स्तुतीलाही घेऊन जाते.

अकरा अभिप्रायांतून पानावर आता चार गोष्टी उरल्या. बिघाडात शांतपणे कारण शोधणं आणि कळवत राहणं, जुलै आणि ऑक्टोबर. ज्युनियरना कारण सांगून शिकवणं, नवा माणूस तीन महिन्यांत स्वतंत्र. अवघड भाग स्वतःकडे ठेवणं, वर्षभराच्या कामाच्या यादीवरून काढलेला निष्कर्ष, तिच्याशी बोलून तपासलेला. साचणाऱ्या उशिराची कल्पना वेळेत न देणं, फेब्रुवारी, एकच घटना. ‘एकच घटना’ हे शब्द पानावर राहिलेच पाहिजेत. मजकूर आखडताना सर्वांत आधी असेच शब्द गळतात. ‘एकदा’, ‘कधीकधी’, ‘नव्या लोकांशी’, ‘काम जास्त असताना’. अभिप्रायात ‘कधीकधी उशिरा कळवते’ असतं, पानावर ‘उशिरा कळवते’ होतं आणि बैठकीत कोणीतरी म्हणतं, ‘हिचा कळवण्याचा प्रॉब्लेम आहे ना?’ दोन पावलांत एक प्रसंग स्वभाव होऊन बसतो.

इथे दोन गुण आणि दोन सुधारणेचे मुद्दे आले तो योगायोग. काही कंपन्यांच्या फॉर्ममध्ये तीन गुण आणि तीन सुधारणा असे रकाने आखलेले असतात, आणि ते भरायचे म्हणून मॅनेजर कुठून तरी तिसरा दोष खणून काढतो. समतोलाचा अर्थ रकाने सारखे भरणं असा नाही. ज्या बाजूला जितका पुरावा, तितकी जागा. खरोखर उत्तम वर्ष गेलेल्या माणसाच्या पानावर सुधारणेचा एकच मुद्दा असला तर ते असंतुलित नाही. आणि कामगिरी ढासळलेल्या माणसाला वाईट वाटेल म्हणून दोन मऊ गुण रचून घातले, तर बैठकीतले बाकीचे मॅनेजर फसतात आणि तो माणूसही फसतो.

क्रमाचाही परिणाम होतो. ‘शिकवते चांगली, पण अवघड काम सोडत नाही’ असं लिहिलं की ऐकणारा ‘पण’नंतरचं तेवढं लक्षात ठेवतो. म्हणून दोन गोष्टी दोन स्वतंत्र वाक्यांत लिहाव्यात, प्रत्येकीला तिची घटना जोडून. आणि पान पुरं होईपर्यंत रेटिंग ठरवू नये. आधी रेटिंग ठरलं की मॅनेजर त्याला शोभतील तेच अभिप्राय वेचत जातो, आणि ते त्याच्या लक्षातही येत नाही.

बैठकीत हे पान कसं चालतं? समजा मॅनेजरने ‘अपेक्षेपेक्षा सरस’ सुचवलं आहे. सेल्सच्या बाजूचा कोणीतरी फेब्रुवारी काढतो, तो काढणारच. मॅनेजरकडे तयार उत्तर असतं. उशीर माणसं गेल्यामुळे झाला, उशिरा सांगणं तिची चूक, एकदा घडलेली, आणि ती पानावर आहे. वाद तिथे मिटतो, कारण मॅनेजरने दोष लपवलेला नाही. मग खरा प्रश्न पुढे येतो. दुसऱ्या टीममधल्या त्याच पातळीच्या इंजिनियरने अवघड काम दुसऱ्याला शिकवून सोपवलं आहे, त्याला हेच रेटिंग आहे, मग दोघं सारखे कसे? याचं उत्तर सोपं नसतं आणि इथे रेटिंग बदलूही शकतं. तसं झालं तरी ते कामाच्या फरकावरून बदललेलं असतं, कोणाच्या आवाजावरून नाही.

या पद्धतीच्या मर्यादा आहेत. अभिप्राय कोणाकडून मागवायचे हे कर्मचारीच ठरवत असेल तर मित्रांचेच येतात, आणि कितीही बारीक वाचलं तरी त्यात नसलेली गोष्ट दिसणार नाही. मॅनेजरने वर्षभर नोंदी ठेवल्या नसतील तर जुलैचा तो लहान बिघाड सापडणारच नाही, फक्त गेल्या दोन महिन्यांतलं सापडेल. गोपनीयतेचीही अडचण असते. टीममध्ये दोनच ज्युनियर असतील तर ‘ज्युनियर म्हणतात’ एवढं लिहिलं तरी नावं उघड होतात. स्तुतीत ते चालून जातं. टीकेत मात्र मुद्दा घटनेच्या रूपात मांडावा, सांगणाऱ्याचं पद गाळावं. आणि वरून ठरवून आलं असेल की सरस रेटिंग दहातल्या दोघांनाच द्यायचं, तर कितीही प्रामाणिक पान तिसऱ्याला ते मिळवून देणार नाही.

बैठकीनंतर हेच पान तिला दाखवण्याजोगं असायला हवं. सरकारी नोकरीत ही गोष्ट कोर्टाने ठरवली आहे. देव दत्त हे सीमा सडक संघटनेतले इंजिनियर. बढतीसाठी पाच वर्षं ‘अतिशय चांगला’ शेरा लागत होता आणि त्यांच्या 1993-94 च्या गोपनीय अहवालात नुसतं ‘चांगला’ होतं. हा शेरा त्यांना कधी कळवलाच नव्हता, कारण तो प्रतिकूल मानला जात नव्हता. बढती मात्र त्याच्यापायी गेली. सर्वोच्च न्यायालयाने 2008 साली निकाल दिला की वाईट असो वा चांगला, गोपनीय अहवालातला प्रत्येक शेरा कर्मचाऱ्याला कळवला पाहिजे, म्हणजे त्याला त्याविरुद्ध दाद मागता येईल. खासगी कंपनीला हा निकाल लागू नाही. तरी पान लिहिताना त्याची आठवण ठेवावी असं मला मनापासून वाटतं. जे वाक्य तिच्यासमोर बसून घटनेसह वाचून दाखवता येणार नाही, ते तिच्या पाठीमागेही वाचू नये.

आपल्या उदाहरणातल्या मॅनेजरने एप्रिलमध्ये ते पान तिच्यापुढे ठेवलं, तेव्हा बोलणं जवळजवळ सगळं रिकन्सिलिएशनवरच झालं. ठरलं असं की जूनपर्यंत त्या भागातला एक बदल जूनमध्ये आलेल्या त्या मुलाने करायचा, तिने फक्त तपासायचा. मोठ्या कामात आठवड्याहून जास्त उशीर दिसू लागला की त्याच दिवशी सेल्सला एक ओळ लिहायची. या दोन गोष्टी मॅनेजरने तारखेसह पानाच्या तळाशी लिहून ठेवल्या. पुढच्या मार्चमध्ये नवे अभिप्राय उघडण्याआधी तो त्याच वाचणार आहे.